चाळीस बाय बाराची भिंत, सोळा बाय नऊचा डेक: एका डीलर मेळाव्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर महाराष्ट्रातली शेती अवजारं आणि फवारणी यंत्रं बनवणारी एक कंपनी. दरवर्षी डीलर मेळावा घेते. आतापर्यंत तो हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये, दोन प्रोजेक्टर आणि दोन पडद्यांवर व्हायचा. या वेळी डीलरांची संख्या हजाराच्या पुढे गेली, म्हणून नाशिकच्या बाहेरचं एक मोठं कन्व्हेन्शन हॉल घेतलं आणि स्टेजच्या मागे सलग एलईडी भिंत उभी करायचं ठरलं. मंडपवाल्यांच्या कोटेशनमध्ये एका ओळीत लिहिलं होतं: ‘एलईडी वॉल ४० बाय १२ फूट, १ नग’.

डेक, म्हणजे सादरीकरणाच्या स्लाइडचा संच, कंपनीच्या मार्केटिंग विभागाने केलेला होता. नेहमीचा १६:९, पांढरी पार्श्वभूमी, वर डावीकडे लोगो, तालुकावार विक्रीचे आलेख, शेवटी नव्या यंत्राचं अनावरण. मजकूर मराठीत, आकडे आणि मॉडेलची नावं इंग्रजीत. आमच्याकडे काम आलं ते ‘डेक जरा सुंदर करून द्या’ एवढंच. एलईडीचा विषय फोनवर सहज निघाला. मार्केटिंगच्या मॅडम म्हणाल्या, “स्क्रीन मोठा आहे या वेळी, एकदम आडवा. पीपीटी त्यावर बसेल ना?”

त्या एका प्रश्नामुळे कामाचं स्वरूप बदललं. मेळाव्याला तीन आठवडे होते. या प्रकारच्या कामात हा भरपूर वेळ समजायचा.

अडचण नेमकी काय होती

पहिली अडचण फुटांची. एलईडी भिंत फुटात सांगितली जाते, पण ती बनते पॅनलची. भाड्याने मिळणारी बहुतेक पॅनल ५०० बाय ५०० मिलिमीटरची (काही ५०० बाय १०००ची) असतात, आणि भिंत म्हणजे त्यांच्या ओळी आणि रांगा. एलईडीवाल्यांना फोन केल्यावर कळलं की ‘४० बाय १२’ म्हणजे आडवी २४ आणि उभी ७ पॅनल. म्हणजे प्रत्यक्षात १२ मीटर बाय साडेतीन मीटर. फुटांच्या हिशेबाने गुणोत्तर ३.३३ येतं, पॅनलच्या हिशेबाने ३.४३. फरक लहान वाटतो, पण फुटांवरून स्लाइड बनवली असती तर दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या दिसल्या असत्या.

पिच ३.९१ होता, म्हणजे दोन शेजारच्या दिव्यांमधलं अंतर ३.९१ मिलिमीटर. अशा एका पॅनलमध्ये १२८ बाय १२८ पिक्सेल बसतात. चोवीस गुणिले १२८ म्हणजे ३०७२, सात गुणिले १२८ म्हणजे ८९६. आमच्यासाठी या भिंतीची खरी ओळख हीच: ३०७२ × ८९६. इथे एक गोष्ट लोकांच्या चटकन लक्षात येत नाही. भिंत बारा मीटरची असली तरी तिची उभी पिक्सेलसंख्या साध्या लॅपटॉपच्या १०८० पेक्षा कमी आहे. आकार राक्षसी, पण बारकावा लॅपटॉपपेक्षा कमी. ‘मोठा स्क्रीन आहे, बारीक अक्षरंही दिसतील’ हा समज इथेच खोटा ठरतो.

दुसरी अडचण ताणाची. लॅपटॉपमधून १९२० × १०८० चं चित्र गेलं आणि एलईडी प्रोसेसरने ते भिंतभर पसरवलं, तर आडवा ताण उभ्याच्या जवळजवळ दुप्पट होतो (३.४३ भागिले १.७८, म्हणजे १.९३). वर्तुळाचा अंडाकार होतो, ट्रॅक्टर लिमोझीनसारखा लांबतो आणि एमडी साहेबांचा चेहरा लाटलेल्या पोळीसारखा दिसतो. लग्नाच्या हॉलमध्ये हे सर्रास चालतं, कारण तिथे फुलांचे ग्राफिक्स असतात. विक्रीच्या आलेखाला आणि माणसांच्या चेहऱ्यांना ते चालत नाही.

तिसरी अडचण सर्वात उशिरा कळते: मधली साखळी. लॅपटॉपची केबल थेट भिंतीला लागत नाही. लॅपटॉपमधून स्विचरमध्ये (तिथेच कॅमेरे आणि व्हिडिओ येतात), स्विचरमधून एलईडी प्रोसेसरमध्ये, तिथून नेटवर्क केबलने पॅनलमध्ये. आम्ही एलईडीवाल्यांना विचारलं, भिंतीला ३०७२ × ८९६ चा सिग्नल घेता येईल का? उत्तर आलं, “फोर-के मशीन आहे सर, टेन्शन घेऊ नका.” प्रोसेसर खरोखर फोर-के घेणारा होता. पण त्याच्या आधीच्या स्विचरचं आउटपुट १९२० × १०८० लाच अडकलेलं होतं. म्हणजे आम्ही कितीही रुंद डेक केला तरी स्विचरमधून जाताना त्याचे १९२० × ५६० च पिक्सेल उरणार, आणि पुढे प्रोसेसर ते दीड पटीहून जास्त फुगवणार. मराठी अक्षरांच्या कडा त्यात विरघळतात. हे कळलं ते ‘स्विचरचं मॉडेल कोणतं?’ असं वेगळं विचारल्यावर. ‘भिंत किती घेते?’ या प्रश्नाला मिळालेलं उत्तर खोटं नव्हतं, फक्त ते साखळीच्या एका कडीपुरतं होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय अगदी स्वस्त: १६:९ चा डेक जसा आहे तसा भिंतीच्या मधोमध दाखवायचा आणि दोन्ही बाजूंना कंपनीचं स्थिर ग्राफिक ठेवायचं. पूर्ण उंची वापरली तर मधली चौकट साधारण १५९३ पिक्सेल, म्हणजे सव्वासहा मीटर रुंद होते आणि दोन्ही बाजूंना जवळपास तीन-तीन मीटरचे ‘पंख’ उरतात. डेकला हात लावायची गरज नाही. आयत्या वेळी कोणी पाहुणा पेन ड्राइव्ह घेऊन आला तरी त्याचा डेक चालतो. तोटा असा, की निम्म्या भिंतीचं भाडं शोभेपुरतं जातं आणि अनावरणाच्या क्षणाला रुंदीचा जो दरारा हवा तो येत नाही.

दुसरा पर्याय, पूर्ण डेक रुंद करायचा. दिसायला उत्तम, पण आलेखाच्या स्लाइडवर यात एक पेच आहे. शीर्षक डाव्या टोकाला आणि आकडा उजव्या टोकाला ठेवला तर पुढच्या रांगेतल्या माणसाला टेनिसच्या सामन्यासारखी मान फिरवावी लागते. आणि पुढच्या रांगेत नेमके मोठे डीलर आणि संचालकच बसतात.

तिसरा पर्याय एलईडीवाल्यांनी सुचवला: सगळं रेझोल्यूम या सॉफ्टवेअरवर घ्यायचं, डेक एका थरात, कॅमेरा दुसऱ्यात, पार्श्वभूमी तिसऱ्यात. मोठ्या कार्यक्रमात हीच पद्धत असते आणि ती चांगली आहे. पण त्यासाठी ऑपरेटरबरोबर निदान एक पूर्ण सराव लागतो, आणि आमच्या ऑपरेटरला त्या आठवड्यात रोज वेगळ्या गावी काम होतं. शिवाय एमडी साहेब स्लाइडमध्ये आदल्या रात्रीपर्यंत बदल करतात, हे कंपनीत सर्वांना ठाऊक होतं. बदल पीपीटीमध्येच व्हायला हवेत, ही अट त्यामुळे आपोआप आली.

निर्णय मिश्र झाला. एकच रुंद फाइल. तिच्यात उद्घाटन, फोटो आणि अनावरणाच्या स्लाइड भिंतभर. आलेख, योजना आणि किमतीच्या स्लाइड मधल्या सव्वासहा मीटरच्या चौकटीत, बाजूला गडद शांत पार्श्वभूमी. पॉवरपॉइंटमध्ये एका फाइलमध्ये दोन आकाराच्या स्लाइड ठेवता येत नाहीत, म्हणून चौकट लेआउटमध्येच आखली.

साखळीच्या प्रश्नावर मात्र खरी घासाघीस झाली. मोठा स्विचर आणायचा तर भाडं वाढत होतं आणि ते कोणी भरायचं यावर मंडपवाले, एलईडीवाले आणि कंपनी एकमेकांकडे बघत होते. शेवटी असं ठरलं की डेकचा लॅपटॉप स्विचरला न लावता थेट प्रोसेसरच्या दुसऱ्या इनपुटला लावायचा, आणि कॅमेरे पूर्वीसारखेच स्विचरमधून यायचे. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागणार होती. कॅमेऱ्यावरून डेकवर जाताना मऊ फेड मिळणार नाही. आणि प्रोसेसर स्टेजमागे असल्याने लॅपटॉपही तिथेच बसवावा लागणार. हॉलच्या मागच्या कंट्रोल टेबलपर्यंत तीसेक मीटर साधी एचडीएमआय केबल टाकण्यात अर्थ नव्हता. लॅपटॉप भिंतीच्या मागे गेला की वक्त्याच्या हातातला क्लिकर भरवशाचा राहत नाही, कारण मध्ये लोखंडी सांगाडा आणि बारा मीटरची भिंत असते. म्हणून स्लाइड बदलायला मागे माणूस आणि त्याच्या कानात वॉकीटॉकी. साहेबांना हे आवडलं नाही. पण अस्पष्ट अक्षरं त्यांना त्याहून कमी आवडली असती.

कार्यक्रमाआधीची तपासणी

फाइल अशी घेतली: `Design > Slide Size > Custom Slide Size` मध्ये उंची ७.५ इंच, रुंदी २५.७१४ इंच. पॉवरपॉइंट ५६ इंचांपर्यंत परवानगी देतं, त्यामुळे ४० बाय ११.६७ सारखे आकडेही चालले असते. पण उंची नेहमीची ठेवण्याचं कारण व्यावहारिक आहे. जुन्या डेकमधला मजकूर त्याच पॉइंट आकारात तसाच मधल्या चौकटीत आणता येतो आणि ‘२४ पॉइंट म्हणजे किती मोठं’ हा हाताला बसलेला अंदाज मोडत नाही. नवीन रिकामी फाइल काढून त्यात जुन्या स्लाइडमधल्या वस्तू आणल्या आणि ६.१९ इंच उजवीकडे सरकवल्या.

पहिली तपासणी टेबलावरच केली. पंधरा पूर्णांक सहा इंची लॅपटॉपचा पडदा साधारण साडेचौतीस सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर रुंद डेकचा स्लाइड शो चालवला की बारा मीटरची भिंत सुमारे ३५ पट लहान होऊन समोर येते. मग अंतरही ३५ ने भागायचं. हॉलच्या आराखड्यात शेवटची रांग भिंतीपासून ३५ मीटरवर होती, म्हणजे लॅपटॉपपासून एक मीटर मागे उभं राहायचं. पहिली रांग सहा मीटरवर, म्हणजे डोळे पडद्यापासून सतरा सेंटिमीटरवर. ही दुसरी अवस्था बघायला जरा हास्यास्पद दिसते, पण रुंद स्लाइडची दोन टोकं एका नजरेत मावत नाहीत हे मार्केटिंगच्या मॅडमना तिथेच पटलं. तोपर्यंत त्या ‘लोगो डाव्या टोकाला, क्यूआर कोड उजव्या टोकाला’ यावर ठाम होत्या.

लॅपटॉपची ही चाचणी आकार सांगते, बारकावा नाही. लॅपटॉपचे पिक्सेल भिंतीच्या पिक्सेलपेक्षा वेगळे असतात. म्हणून दुसरी तपासणी खऱ्या पिक्सेलवर केली. प्रत्येक स्लाइडचं ३०७२ × ८९६ चं चित्र काढलं. `Alt+F11` दाबून नवीन मॉड्यूलमध्ये एवढं पुरतं. `C:\ledtest` हा फोल्डर मात्र आधी तयार असावा लागतो:

```
Sub LedTest()
  Dim s
  For Each s In ActivePresentation.Slides
    s.Export "C:\ledtest\" & s.SlideIndex & ".png", "PNG", 3072, 896
  Next
End Sub
```

ही चित्रं ऑफिसच्या फोर-के टीव्हीवर १०० टक्के झूमने उघडली. विंडोजचं स्केलिंगही १०० टक्केच हवं, नाहीतर चित्र गुपचूप मोठं-लहान होतं आणि तपासणी वाया जाते. इथे जुन्या आलेखांचं पितळ उघडं पडलं. तालुक्यांची नावं १२ पॉइंटमध्ये होती, म्हणजे भिंतीवर अक्षराची पूर्ण उभी जागा फक्त वीस पिक्सेल. त्यात अनुस्वाराला दोन पिक्सेल मिळतात. ‘दिंडोरी’तली वेलांटी, अनुस्वार आणि शिरोरेषा एकमेकांत मिसळून वर एक गाठ तयार झाली होती. ‘वर्ष’मधला रफार तर नव्हताच म्हणा ना. इंग्रजीत १२ पॉइंट कसाबसा निभावतो. देवनागरीची अर्धी ओळख शिरोरेषेच्या वर असते आणि कमी पिक्सेलमध्ये आधी तिचाच बळी जातो.

तिसरी तपासणी सर्वात कामाची ठरली आणि तिला खर्च काहीच आला नाही. एलईडीवाल्यांच्या गोडाऊनमध्ये जाऊन त्याच लॉटमधली चार पॅनल, दोन बाय दोन, जमिनीवर लावून घेतली. म्हणजे भिंतीचा एक मीटर बाय एक मीटरचा खरा तुकडा, २५६ × २५६ पिक्सेलचा. आम्ही आलेखाच्या चित्रांमधून तेवढेच चौकोन कापून नेले होते आणि ते न ताणता, पिक्सेलला पिक्सेल, दाखवले. शटर वर करून गोडाऊनसमोरच्या रस्त्यावर टेपने ३५ मीटर मोजले. वाचायला गोडाऊनमधल्याच एका मुलाला उभं केलं, कारण ज्याने डेक शंभरदा पाहिला आहे त्याला सगळंच वाचता येतं. बारा पॉइंटला तो हसला. अठराला ‘दिंडोरी’चं ‘दिडोरी’ झालं. चोवीस पॉइंटला, म्हणजे साडेपंधरा सेंटिमीटरच्या अक्षरांना, वाचलं पण डोळे बारीक करून. छत्तीसला तो न थांबता वाचत गेला. तिथे नियम ठरला: मधल्या चौकटीत ३६ च्या खाली काही नाही, तळटीप, स्रोत, ‘अटी लागू’ वगैरे अपवाद असतील तर २८.

याचा परिणाम मजकुरावर झाला, आणि इथे कंपनीत वाद झाला. पंधरा तालुक्यांचा एक आलेख ३६ पॉइंटमध्ये मावत नाही. विक्रीप्रमुखांना सगळे तालुके एकत्र हवे होते, कारण प्रत्येक डीलर आपला तालुका शोधतो. त्याचे तीन आलेख केले, विभागवार पाच-पाच. ते शेवटपर्यंत नाराजच राहिले, पण त्यांनी गोडाऊनमध्ये येऊन रस्त्यावर उभं राहायला नकार दिला होता, त्यामुळे त्यांचं म्हणणं फार टिकलं नाही.

गोडाऊनमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. पांढरी पार्श्वभूमी. चार पॅनलवरसुद्धा ती डोळ्यांत जात होती; १६८ पॅनल पांढरी झाली तर स्टेजवरचा माणूस समोरून काळी सावली दिसेल आणि कॅमेऱ्याचा एक्स्पोजर कोसळेल. म्हणून गडद निळसर पार्श्वभूमी आणि किंचित राखाडी झुकणारी पांढरी अक्षरं. उलट बाजूने, अगदी गडद राखाडीच्या छटा पॅनलवर वेगळ्या कळत नव्हत्या आणि ग्रेडियंटमध्ये पट्टे पडत होते. मार्केटिंगच्या डिझायनरने हौसेने केलेला ‘काळ्यातून राखाडीकडे’ जाणारा ग्रेडियंट काढून सपाट रंग घेतला.

शेवटी एक चाचणीची स्लाइड बनवली. २४ बाय ७ चौकोनांची जाळी, प्रत्येक चौकोन बरोबर एका पॅनलएवढा (१.०७१४ इंच), त्यात १ ते १६८ क्रमांक, सर्वात बाहेर लाल बारीक चौकट, मध्ये एक मोठं वर्तुळ, खाली काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडी पट्ट्या, आणि २४, २८, ३६ पॉइंटमध्ये एकच ओळ: ‘दिंडोरी, सिन्नर, किंमत, वर्ष’. भिंत उभी राहिल्यावर पाच मिनिटांत सगळं कळावं, हा तिचा उद्देश.

आदली रात्र

भिंत संध्याकाळी सातला तयार मिळणार होती. ती मिळाली मध्यरात्रीनंतर, यात नवल काही नाही. नवल वेगळं होतं: भिंत सात रांगांची नव्हती, सहाची होती. हॉलच्या छताखालून स्टेजवर एक तुळई जात होती आणि ट्रस, म्हणजे भिंत धरणारा लोखंडी सांगाडा, बांधल्यावर सातवी रांग तिला टेकत होती. एलईडीवाल्यांनी एक रांग काढून टाकली. आम्हाला कोणी सांगितलं नाही. त्यांच्या दृष्टीने ‘४० बाय १२’चं ‘४० बाय १०’ झालं, एवढंच.

चाचणीची स्लाइड लावताच भिंतीवर ताणलेलं चित्र आलं: सात रांगांची जाळी सहा रांगांत कोंबलेली, वर्तुळ बसकं, चौकोनांच्या रेषा पॅनलच्या सांध्यांवर न बसता मध्येच. आधी आम्हीही लॅपटॉपवरच संशय घेतला. विंडोज ११ मध्ये `Settings > System > Display > Advanced display` खाली `Desktop mode` आणि `Active signal mode` अशा दोन ओळी दिसतात. दोन्हींत ३०७२ × ८९६ होतं, म्हणजे लॅपटॉपमधून चित्र बरोबर निघत होतं. मग कोणीतरी रांगा मोजल्या.

आता तीन वाटा होत्या. फाइलचा आकार ३० बाय ७.५ इंच करायचा, म्हणजे ४:१. पण मग भिंतभर फोटोंच्या सगळ्या स्लाइड आणि अनावरणाचा व्हिडिओ रात्री एक वाजता पुन्हा बघावा लागला असता, आणि सगळा मजकूर एक-सप्तमांशाने लहान झाला असता. किंवा प्रोसेसरमध्ये चित्र प्रमाणात लहान करायचं: मग दोन्ही टोकांना पावणेदोन-पावणेदोन पॅनलच्या काळ्या पट्ट्या, आणि अक्षरं पुन्हा लहान. किंवा चित्र आहे त्याच आकारात ठेवून एक रांग कापायची.

आम्ही तिसरी वाट घेतली, आणि ती उपलब्ध होती याचं कारण वेगळंच होतं. परिसंवादासाठी स्टेजवर सोफे असणार, पुढे समई आणि फुलांची आरास असणार, म्हणून तळाच्या रांगेत मजकूर ठेवायचाच नाही हे लेआउट आखताना ठरलं होतं. ऑपरेटरने प्रोसेसरमध्ये इनपुटचा खालचा १२८ पिक्सेलचा पट्टा कापला. जाळीतले १४५ ते १६८ क्रमांक गेले, बाकीचे आपापल्या पॅनलवर तंतोतंत बसले, वर्तुळ गोल झालं. पण फक्त मजकूर नव्हे, आलेखांचे तळचे अक्षही सहाव्या रांगेच्या कडेला चिकटून आले होते. फोल्डरमधल्या चित्रांचा खालचा पट्टा झाकून ती भराभर पाहिली आणि सात आलेख थोडे वर सरकवले.

त्याच रात्री कळलेली दुसरी गोष्ट लहान होती. बाहेरची लाल चौकट उजव्या टोकाला दिसत नव्हती. प्रोसेसरमध्ये चित्र दोन पिक्सेल सरकलेलं होतं. डेकमध्ये हे कोणाच्याही लक्षात आलं नसतं. पण अनावरणाच्या व्हिडिओत भिंतभर फिरणारी एक रेषा होती आणि ती टोकाला तुटलेली दिसली असती. ऑपरेटरने एका मिनिटात दुरुस्त केलं.

निकाल

सकाळी मजकूर शेवटच्या रांगेतून वाचता आला. योजनेचे टक्के पडद्यावर येताच मागून शिट्टी आली, म्हणजे मागेही पोहोचले. चेहरे आणि यंत्रं आपल्या आकारात दिसली. अनावरणाला भिंतीची पूर्ण रुंदी वापरली गेली आणि तिथे साहेबांनी मागे वळून भिंतीकडे पाहिलं. ते सरावाला आले नव्हते.

सगळं मात्र जमलं नाही. डाव्या पंखावरचा लोगो सकाळी फुलवाल्यांनी उभारलेल्या कमानीमागे अर्धा गेला. तो लेआउटमध्ये होता, त्यामुळे प्रत्येक स्लाइडवर गेला. एका बँकेचे पाहुणे स्वतःचा डेक घेऊन आले. त्यासाठी मधल्या चौकटीची सोय होती, पण त्यांचा मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये होता आणि आमच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट नसल्याने इंग्रजी चिन्हांची रांगोळी उमटली. त्यांच्याच लॅपटॉपवरून पीडीएफ करून आणेपर्यंत निवेदकाने दोन सत्कार पुढे ओढले. क्लिकर नसल्याने साहेबांना “पुढची स्लाइड” असं म्हणावं लागलं, आणि भाषणाच्या ओघात ते दोनदा विसरले. मागच्या माणसाने अंदाजाने बदललेली एक स्लाइड लवकर गेली.

आणि कॅमेऱ्याचं चित्र बाजूच्या पंखावर दाखवताना भिंतीवरच्या दिव्यांच्या जाळीमुळे पाठीमागे लाटालाटांची नक्षी दिसत होती. वक्त्यामागची भिंत कॅमेऱ्याच्या फोकसबाहेर गेली की ती कमी होते. पण कॅमेरामन मागच्या टोकाला होता आणि वक्ता भिंतीला लागून उभा होता, त्यामुळे वक्ता आणि भिंत यांच्यातलं अंतर पुरेसं नव्हतं. पोडियम दीड-दोन मीटर पुढे असता तर फरक पडला असता.

वेगळं काय करता आलं असतं

सातवी रांग जाणार हे टाळता आलं नसतं, पण आधी कळू शकलं असतं. हॉल पाहायला गेलो तेव्हा आम्ही शेवटच्या रांगेचं अंतर मोजलं, स्टेजची रुंदी मोजली. स्टेजपासून तुळईपर्यंतची उंची मोजली नाही, कारण ते एलईडीवाल्यांचं काम असं सर्वांनी गृहीत धरलं. एलईडीवाल्यांनी ते मंडपवाल्यांचं गृहीत धरलं. भिंतीची उंची, तिचा तळ स्टेजपासून किती वर, आणि ट्रसला वर लागणारी जागा यांची बेरीज कोणी तरी एका कागदावर करायला हवी होती.

साखळीबद्दलचा निर्णय आजही चर्चेचा आहे. मोठ्या स्विचरचं भाडं मेळाव्याच्या एकूण खर्चात फार नव्हतं, आणि ते दिलं असतं तर लॅपटॉप समोर राहिला असता, क्लिकर चालला असता आणि पाहुण्यांचा डेक दुसऱ्या लॅपटॉपवरून शांतपणे घेता आला असता. माझं मत असं की पैसे तिथे घालायला हवे होते. मार्केटिंगच्या मॅडमचं मत उलट आहे: वॉकीटॉकीवरचा माणूस सरावाला नीट बसवला असता तर तीच व्यवस्था पुरली असती. तसा सराव झाला नाही हे दोघांनाही मान्य आहे.

फुलांची कमान हा विषय वेगळाच निघाला. सजावटवाले सकाळी सहाला येतात आणि त्यांना पंख, चौकट, पिक्सेल यांच्याशी घेणंदेणं नसतं. पुढच्या कार्यक्रमात चाचणीच्या स्लाइडची एक प्रिंट त्यांच्या मुकादमाला दिली आणि ज्या चौकोनांपुढे काही उभं करायचं नाही त्यांवर लाल पेनाने फुल्या मारल्या. त्याने ती प्रिंट खिशात ठेवली आणि कमान चार फूट डावीकडे घेतली.

एलईडीवाल्यांना आता फुटांचा प्रश्न विचारत नाही. कोटेशन आल्यावर जाणारा निरोप असा असतो: “पॅनल आडवी किती, उभी किती? पिच किती? एका पॅनलचे पिक्सेल? प्रोसेसरचं मॉडेल? त्याच्या आधी स्विचर असेल तर त्याचं मॉडेल आणि आउटपुट? लॅपटॉप कुठे बसणार? भिंतीचा तळ स्टेजपासून किती वर? रांगा-ओळींत बदल झाला तर, कितीही वाजले असले तरी, फोन करा.” शेवटचं वाक्य या मेळाव्यानंतर जोडलं. पहिल्यांदा पाठवलं त्याच कार्यक्रमात रात्री साडेबाराला फोन आला: भिंतीचं एक पॅनल खराब होतं आणि त्याऐवजी दुसऱ्या लॉटमधलं लावलं होतं, त्याचा रंग थोडा पिवळट आहे, चालेल का? ते पॅनल तळाच्या रांगेत, अगदी टोकाला हलवायला सांगितलं.